दाव्यातील सरासरी तपासायची, तर किती पोती तोलावीत?

सरकी ढेपेच्या पोत्यावर निव्वळ वजन 50 किलो असे छापलेले असते. यवतमाळ, अमरावती किंवा वर्धा जिल्ह्यातील एखादी गावपातळीवरची दूध संस्था सभासदांसाठी अशा ढेपेचा एक ट्रक, म्हणजे समजा 300 पोती, एकदम मागवते. पोती हलकी भरतात अशी कुरकुर सभासदांत सुरू झाली की कोणीतरी चार-पाच पोती काट्यावर चढवतो, आणि त्यांची सरासरी 49.8 किलो निघाली की अर्धे लोक म्हणतात "वजनात मारतात", तर अर्धे म्हणतात "एवढा फरक चालायचाच". दोन्ही बाजूंना खरे तर काहीच सिद्ध करता येत नाही, कारण किती पोती तोलली म्हणजे निर्णय देता येईल, हा प्रश्न तोलण्यापूर्वी कोणी विचारलेलाच नसतो. त्या प्रश्नाचे उत्तर संख्याशास्त्रात नेमके मिळते. ते कसे काढायचे, हे या एकाच उदाहरणाच्या आधारे येथे मांडले आहे. उदाहरणातील आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, रीत मात्र प्रत्यक्ष वापरतात तीच आहे.

प्रथम अडचण कुठे आहे ते पाहू. गिरणीत पोते भरणारा माणूस किंवा यंत्र कितीही प्रामाणिक असले, तरी प्रत्येक पोते बरोबर 50 किलोचे भरत नाही. एखादे 50.9 भरते, एखादे 49.2. पोत्यापोत्यातील हा चढउतार ज्या एका आकड्याने मोजतात त्याला प्रमाण विचलन म्हणतात, आणि ते σ या चिन्हाने दाखवतात. आपल्या उदाहरणात ते 0.8 किलो आहे असे धरू. याचा ढोबळ अर्थ असा की साधारण दोनतृतीयांश पोती सरासरीच्या 800 ग्रॅम अलीकडे-पलीकडे असतात. म्हणून एकच पोते 49.4 किलो निघाले तर त्यावरून काहीही म्हणता येत नाही.

अनेक पोत्यांची सरासरी घेतली की हा चढउतार कमी होतो, कारण जड आणि हलकी पोती एकमेकांना सांभाळून घेतात. मात्र तो पोत्यांच्या संख्येच्या प्रमाणात कमी होत नाही, तर संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होतो. 9 पोत्यांच्या सरासरीचा चढउतार 0.8 भागिले 3, म्हणजे सुमारे 0.27 किलो असतो, आणि 25 पोत्यांच्या सरासरीचा 0.8 भागिले 5, म्हणजे 0.16 किलो. सरासरीच्या या चढउताराला प्रमाण त्रुटी म्हणतात. ती निम्मी करायची असेल तर पोती चौपट तोलावी लागतात. पुढचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे.

आता चाचणीची मांडणी करू. सुरुवातीला आपण गिरणीचा दावा खरा मानतो: पोत्यांची खरी सरासरी 50 किलो आहे. मग एक सीमारेषा ठरवतो आणि नमुन्यातील सरासरी त्या रेषेच्या खाली गेली तर दावा नाकारतो. येथे दोन प्रकारे चूक होऊ शकते. पहिली अशी की गिरणी खरोखर 50 किलोच भरते, पण योगायोगाने आपल्या हाती हलकी पोती लागली आणि आपण निर्दोष माणसावर ठपका ठेवला. दुसरी अशी की पोती खरोखर हलकी आहेत, पण योगायोगाने आपल्या हाती जड पोती लागली आणि आपण गप्प बसलो. पहिल्या चुकीची शक्यता किती सहन करायची ते आपण ठरवतो, आणि बहुतेक जण ती 5 टक्के धरतात. दुसरी चूक न होण्याची, म्हणजे वजनातली खरी तूट पकडली जाण्याची शक्यता, हीच चाचणीचे सामर्थ्य. ही संकल्पना नेमन आणि पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी 1933 च्या सुमारास काटेकोर रूपात मांडली. गावोगावच्या तपासण्यांत आजही पहिल्या चुकीचा विचार होतो आणि दुसरीचा राहून जातो, असे माझे निरीक्षण आहे. ढेप विकत घेणाऱ्याचे नुकसान मात्र दुसऱ्याच चुकीत असते.

सामर्थ्य म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. पोत्यांची खरी सरासरी 49.6 किलो आहे, म्हणजे दर पोत्यात 400 ग्रॅमची तूट आहे, असे समजा. संस्थेने 25 पोती तोलली. प्रमाण त्रुटी 0.16 किलो आहे. ठपका चुकून ठेवला जाण्याची शक्यता 5 टक्क्यांवर राखायची, तर सीमारेषा 50 पासून 1.645 प्रमाण त्रुटींइतकी खाली घ्यावी लागते, कारण सरासऱ्यांचा चढउतार ज्या घंटेच्या आकाराच्या वक्राने दाखवतात त्या सामान्य वितरणात त्या रेषेखाली बरोबर 5 टक्के भाग उरतो. 1.645 गुणिले 0.16 म्हणजे 0.263, म्हणून सीमारेषा 49.737 किलोवर आली. खरी सरासरी 49.6 असताना नमुन्यातील सरासरी या रेषेखाली येण्याची शक्यता किती? रेषा 49.6 पासून 0.137 किलो वर आहे, म्हणजे 0.86 प्रमाण त्रुटींवर, आणि तेवढ्या अंतराच्या खालचा भाग सुमारे 80 टक्के भरतो. म्हणजे अशी तपासणी पुन्हापुन्हा केली तर दर पाचांपैकी चार वेळा ही तूट पकडली जाईल.

आता तीच तपासणी 9 पोत्यांवर करू. प्रमाण त्रुटी 0.267 किलो झाली, म्हणून सीमारेषा 50 वजा 0.439, म्हणजे 49.561 किलोवर गेली. ही रेषा 49.6 च्याही खाली आहे. खरी तूट 400 ग्रॅमची असूनही ती पकडली जाण्याची शक्यता फक्त 44 टक्के उरते. नऊ पोती तोलून "तूट सिद्ध झाली नाही" असा अहवाल देणे म्हणजे गिरणीला निर्दोष ठरवणे नव्हे. त्या तपासणीत तूट दिसण्यापेक्षा न दिसण्याचीच शक्यता जास्त होती, आणि हे तोलण्यापूर्वीच माहीत होऊ शकत होते. लहान नमुना पहिल्या चुकीपासून संरक्षण देतो, पण दुसरीपासून देत नाही, हे या दोन हिशेबांतून स्पष्ट दिसते.

या विचाराची दिशा उलटी केली की पोत्यांची संख्या मिळते. सीमारेषा 50 पासून खाली 1.645 प्रमाण त्रुटींवर असली पाहिजे, आणि 80 टक्के सामर्थ्य हवे असेल तर तीच रेषा 49.6 पासून वर 0.842 प्रमाण त्रुटींवर असली पाहिजे. या दोन अंतरांची बेरीज म्हणजे 50 आणि 49.6 यांमधील पूर्ण अंतर. म्हणून 2.487 प्रमाण त्रुटी मिळून 0.4 किलो व्हायला हव्यात. प्रमाण त्रुटी म्हणजे σ भागिले पोत्यांच्या संख्येचे वर्गमूळ असल्याने, समीकरण सोडवल्यावर हे सूत्र मिळते:

n = ((z_α + z_β) × σ / δ)²

येथे n म्हणजे तोलायच्या पोत्यांची संख्या, z_α हा 5 टक्क्यांसाठीचा 1.645, z_β हा 80 टक्के सामर्थ्यासाठीचा 0.842, σ हे प्रमाण विचलन आणि δ ही जी तूट पकडायची आहे ती. 2.487 गुणिले 0.8 भागिले 0.4 म्हणजे 4.97, त्याचा वर्ग 24.7, आणि अपूर्णांक नेहमी वरच्या पूर्णांकाकडे न्यायचा असल्याने उत्तर 25. वर सामर्थ्य 80 टक्के आले होते, ते यामुळेच. सामर्थ्य 90 टक्के हवे असेल तर 0.842 च्या जागी 1.282 घ्यायचे. मग उत्तर 35 येते.

येथे एका गोष्टीची भर घालावी लागते. वरील हिशेबात σ आपल्याला आधीपासून अचूक माहीत आहे असे धरले आहे, पण प्रत्यक्षात तो आपण तोललेल्या त्याच पोत्यांवरून काढतो, आणि त्यामुळे अनिश्चितता थोडी वाढते. ही अडचण गॉसेट यांनी 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने सोडवली. ते गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत काम करत होते आणि त्यांच्यासमोर नेहमी लहान नमुनेच असत. त्यांच्या टी-चाचणीसाठी लागणारी वाढ सोप्या रीतीने काढता येते: सूत्राच्या उत्तरात z_α च्या वर्गाचा अर्धा भाग, येथे 1.35, मिळवायचा. 24.73 अधिक 1.35 म्हणजे 26.08, म्हणून 27 पोती. 90 टक्क्यांसाठी 36 पोती. मोबाइलवरील स्प्रेडशीटमध्ये पुढील ओळ लिहिली की हेच उत्तर मिळते. आपले आकडे बदलून ती तशीच वापरता येईल.

```
=ROUNDUP(((NORM.S.INV(0.95)+NORM.S.INV(0.80))*0.8/0.4)^2 + NORM.S.INV(0.95)^2/2, 0)
```

सूत्र सोपे आहे. कठीण आहे ते त्यात कोणते आकडे घालायचे हे ठरवणे, आणि त्यातही δ. हा आकडा संख्याशास्त्र देत नाही, तो संस्थेने आपल्या व्यवहारातून ठरवायचा असतो. प्रश्न असा विचारायचा: किती तूट झाली तर ती आपल्याला सहन होणार नाही? ढेप 36 रुपये किलो धरली तर 400 ग्रॅमची तूट म्हणजे पोत्यामागे 14 रुपये 40 पैसे, आणि 300 पोत्यांच्या ट्रकमागे 120 किलो, म्हणजे 4,320 रुपये. एखाद्या संस्थेला हा आकडा भांडण्याजोगा वाटेल. दुसरीला 200 ग्रॅमची तूटही सोडायची नसेल, तर तिने δ 0.2 घ्यावा, पण मग पोती चौपट होतात आणि उत्तर 101 येते. 100 ग्रॅमसाठी ती पुन्हा चौपट होऊन ट्रकमध्ये आहेत त्याहूनही अधिक पोती लागतील. तूट जितकी बारीक पकडायची तितका खर्च या वेगाने वाढतो, म्हणून "थोडाही फरक असेल तर कळलाच पाहिजे" अशा मागणीला कोणताही नमुना पुरत नाही.

नेमकी उलटी चूक अधिक वेळा होते. आधी चार पोती तोलायची, त्यांत 700 ग्रॅमची तूट दिसली की तोच आकडा δ म्हणून सूत्रात घालायचा. चार पोत्यांत दिसलेली तूट स्वतःच योगायोगाने फुगलेली असू शकते, आणि मोठ्या δ मुळे नमुना लहान येतो, म्हणून चाचणी दुबळी होते. δ हा आपल्या नुकसानीवरून ठरतो, दिसलेल्या आकड्यावरून नाही.

σ ची गोष्ट याच्या उलट आहे, तो मात्र मोजूनच घ्यावा लागतो. मागच्या ट्रकच्या वजनांची नोंद असेल तर ती सर्वांत चांगली. नसेल तर आधी काही पोती तोलावी लागतात, आणि ती पाचच असतील तर त्यांवर फार विसंबू नये. पाच पोत्यांवरून काढलेले प्रमाण विचलन इतके डळमळीत असते की खरा आकडा त्याच्या 0.6 पटीपासून जवळपास 2.9 पटीपर्यंत कुठेही असू शकतो. वीस पोत्यांवरून काढले तर ही व्याप्ती साधारण 0.76 ते 1.46 पट एवढी आवळते. चूक झाली तर काय होते तेही पाहू. संस्थेने σ 0.8 धरून 27 पोती तोलली, पण खरा σ 1.0 किलो निघाला, तर सामर्थ्य 80 टक्क्यांवरून सुमारे 65 टक्क्यांवर घसरते. आपण ठरवलेले सामर्थ्य कागदावरच राहिले, हे तोलून झाल्यावर नमुन्याचे प्रमाण विचलन पाहिले की लक्षात येते. म्हणून σ बद्दल शंका असेल तर तो थोडा वरच्या बाजूने धरणे शहाणपणाचे.

सामर्थ्य 80 टक्के ठेवण्याचा प्रघात जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञ-संख्याशास्त्रज्ञामुळे पडला. चुकीचा ठपका ही गोष्ट गप्प बसण्याच्या चुकीपेक्षा चौपट गंभीर मानावी, म्हणून एका चुकीला 5 आणि दुसरीला 20 टक्के, असा त्यामागचा विचार होता. प्रत्येक ठिकाणी हे प्रमाण लागू पडेलच असे नाही. आपल्या उदाहरणात 27 ऐवजी 36 पोती तोलायला हमालांचा थोडाच वेळ जास्त लागतो, आणि त्या बदल्यात खरी तूट निसटण्याची शक्यता 20 वरून 10 टक्क्यांवर, म्हणजे निम्म्यावर येते. ट्रक उतरवताना काटा जागेवरच असेल तर मी 36 चाच आग्रह धरीन.

चाचणी एका बाजूची ठेवायची की दोन बाजूंची, हेही आधीच ठरवावे. येथे पोती जास्त भरली असल्याची तक्रार कोणाचीच नाही, म्हणून फक्त खालच्या बाजूकडे पाहिले आणि 1.645 वापरले. गिरणीला स्वतःचा काटा तपासायचा असता तर जास्त भरणेही तिच्या तोट्याचे असल्याने दोन्ही बाजू पाहाव्या लागल्या असत्या. मग 1.645 च्या जागी 1.96 येते आणि 80 टक्के सामर्थ्यासाठी 27 ऐवजी 34 पोती लागतात. तोलून झाल्यावर सोयीची बाजू निवडली तर 5 टक्क्यांची हमी उरत नाही.

कोणती पोती तोलायची, यावर सूत्र काहीच बोलत नाही, पण ते गृहीत धरते की पोती यादृच्छिक निवडलेली आणि एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. थप्पीच्या वरच्या थरातील 36 पोती घेतली तर ती बहुधा एकाच वेळी, एकाच काट्यावर भरलेली असतात. 1 ते 300 आकड्यांच्या चिठ्ठ्या करून त्यांतून 36 काढाव्यात आणि पोती उतरताना क्रमाने मोजत त्या त्या क्रमांकाचे पोते बाजूला ठेवावे. दर आठवे पोते घेणे सोपे असते, पण गिरणीत चार तोंडांवर आळीपाळीने भरणी होत असेल आणि पोती त्याच क्रमाने रचली असतील, तर दर आठवे पोते नेहमी एकाच तोंडाचे येऊ शकते. शिवाय हे लक्षात ठेवावे की एका ट्रकमधील 36 पोती त्या ट्रकबद्दल सांगतात. ही गिरणी नेहमीच हलकी भरते का, असा प्रश्न असेल तर वेगवेगळ्या दिवशी आलेल्या ट्रकमधून पोती घ्यावी लागतील, कारण त्या प्रश्नासाठी पोत्यांच्या संख्येपेक्षा ट्रकांची संख्या अधिक मोलाची आहे.

काट्याबद्दलही सांगितले पाहिजे. काटाच 200 ग्रॅम कमी दाखवत असेल तर पोती वाढवून उपयोग नाही. उलट पोती जितकी जास्त तितक्या खात्रीने आपण चुकीच्या निष्कर्षावर पोहोचू. म्हणून सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वैधमापनशास्त्र विभागाची मुद्रा असलेली वजने ठेवून काटा पाहावा, आणि रिकाम्या बारदानाचे वजन वजा करावे. ढेप उन्हाळ्यात कोरडी होऊन वजनाने हलकीही होते, आणि विदर्भातील मे महिन्यात पोती गोदामात पडून राहिली तर ती तूट गिरणीच्या माथी मारली जाऊ शकते. तोलणे ट्रक उतरतानाच व्हावे. फाटक्या पोत्यांचे काय करायचे, हेही वजन पाहण्यापूर्वीच ठरलेले असावे.

एकदा 36 ठरली की 36 तोलून होईपर्यंत निकाल काढू नये. दर सात-आठ पोत्यांनंतर हिशेब करून, तूट सिद्ध होताच थांबायचे, असे पाच वेळा डोकावले तर चुकीच्या ठपक्याची शक्यता 5 टक्क्यांच्या दुपटीपुढे जाते. मध्येच पाहायचेच असेल तर त्यासाठी वेगळ्या, अधिक कडक सीमारेषा लागतात.

आता निकाल समोर आला असे समजू. 36 पोत्यांची सरासरी 49.71 किलो आणि प्रमाण विचलन 0.77 निघाले. प्रमाण त्रुटी 0.77 भागिले 6, म्हणजे 0.128 झाली. 0.29 किलोची तूट ही 2.26 प्रमाण त्रुटींइतकी आहे, आणि 36 पोत्यांच्या टी-चाचणीसाठी सीमा 1.69 आहे. दावा नाकारला गेला, म्हणजे सरासरी 50 किलो नाही असे संस्था म्हणू शकते. पण येथेच एक गैरसमज होतो. याच आकड्यांवरून खऱ्या सरासरीची 95 टक्के विश्वासार्ह व्याप्ती काढली तर ती 49.45 ते 49.97 किलो येते. तूट आहे, पण ती 30 ग्रॅम असेल किंवा 550 ग्रॅम, हे या नमुन्यातून कळत नाही. पूर्ण ट्रकवर हा फरक सुमारे 9 किलोपासून 165 किलोपर्यंत पसरतो, आणि त्यावरून भरपाईचा आकडा मागता येत नाही.

भरपाई मागायची तर प्रश्न बदलतो. "तूट आहे का?" ऐवजी "तूट किती आहे?" असे विचारावे लागते, आणि त्याचा नमुना वेगळ्या रीतीने ठरतो. तूट 100 ग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे निश्चित करायची असेल तर 1.96 गुणिले 0.8 भागिले 0.1 याचा वर्ग, म्हणजे 246 पोती लागतात. मात्र भरपाई फक्त या ट्रकची मागायची असल्याने आणि त्यात एकूण 300 च पोती असल्याने, 246 ला 1 अधिक 245 भागिले 300 याने भागून ती संख्या 136 पर्यंत खाली आणता येते. आधीची 36 यादृच्छिक निवडलेली असल्याने ती त्यात धरता येतात, आणि चिठ्ठ्यांतून आणखी 100 काढून तोलली की गिरणीसमोर ठेवायला आकडा मिळतो.